दर आठवड्याला पाळी बदलते, मग फोनची आठवण कशी लावायची? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूतगिरणीच्या रिंगफ्रेम खात्यात चौदा वर्षं तीन पाळ्यांत काम केलं. गेली काही वर्षं खात्यातल्या पोरांच्या फोनवर त्यांच्या पाळीची घडी बसवून देतो. सुरुवात माझ्या मेहुण्यापासून झाली. एका सोमवारी तो पहिल्या पाळीला झोपून राहिला, कारण गजर आदल्या आठवड्याच्या हिशोबानेच लागलेला होता. खाडा पडला, वर जॉबरची बोलणी खावी लागली. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. उदाहरण सगळीकडे त्याच्याच पाळीचं घेतलं आहे. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३, दुसरी ३ ते रात्री ११, रात्रपाळी ११ ते सकाळी ७. पाळी सोमवारी बदलते आणि रविवारी सुट्टी. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर आकडे बदला, रीत तीच राहील.

## रोजचा गजर असतो ना फोनमध्ये, मग वेगळं काय करायचं?

फोनच्या घड्याळातल्या गजराला वार कळतात, आठवडे कळत नाहीत. "सोमवार ते शनिवार साडेपाचला" असं त्याला सांगता येतं. "तीन आठवड्यांतून एकदा येणाऱ्या सोमवार ते शनिवारी साडेपाचला" असं बहुतेक फोनच्या घड्याळात सांगताच येत नाही. म्हणून माणूस दर रविवारी हाताने गजर बदलत बसतो आणि एखाद्या रविवारी विसरतो. विसरण्यात त्याचा दोष नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याच दिवशी हे काम टाकणं हीच मुळात चूक आहे.

तीन आठवड्यांचं चक्र कळतं ते कॅलेंडरला. म्हणून पाळी कॅलेंडरमध्ये भरायची आणि आठवणी घड्याळाच्या काट्याला न बांधता पाळीला बांधायच्या. "साडेसहाला निघ" ऐवजी "पाळीच्या अर्धा तास आधी निघ". पाळी सरकली की आठवण आपोआप तिच्याबरोबर सरकते.

## म्हणजे सगळ्याच आठवणी पाळीला बांधायच्या?

नाही, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आठवणी तीन जातीच्या असतात.

पहिली जात पाळीबरोबर फिरणारी. उठणं, डबा, निघणं, झोपणं, रात्री शेवटचा चहा. दुसरी जात घड्याळाला बांधलेली, तुमची पाळी कुठलीही असो. पोराच्या शाळेची पालकसभा, सोसायटीचा हप्ता, दर बारा तासांनी घ्यायची गोळी. तिसरी जात मागच्या वेळेपासून मोजायची. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही, नळाचं पाणी घ्या. काल पाणी आलं तर पुढचं चार की पाच दिवसांनी, हे कालपासून मोजायचं असतं. त्याला वार नाही आणि पाळीशी देणंघेणंही नाही.

एक जात दुसरीच्या खात्यात टाकली की घोळ होतो. गोळीची आठवण पाळीला बांधली तर पाळी बदलताना दोन गोळ्यांमधलं अंतर बिघडतं. पाण्याची आठवण "दर मंगळवारी" लावली तर ती दुसऱ्याच खेपेला निकामी होते. म्हणून कुठलीही आठवण लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, की पाळी बदलली तर ही वेळ बदलेल का?

## तीन आठवड्यांचं चक्र कॅलेंडरमध्ये नेमकं कसं भरायचं?

गुगल कॅलेंडर जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतं, म्हणून तेच धरून सांगतो. शक्य असेल तर आधी संगणकावर उघडून "पाळी" नावाचं वेगळं कॅलेंडर करा. पुढे ते घरच्यांना दाखवायचं असेल तर तुमच्या बाकीच्या नोंदी त्यात मिसळत नाहीत.

मग फक्त तीन नोंदी करायच्या. उदाहरणार्थ सोमवार १ जून २०२६ पासून मेहुण्याची पहिली पाळी सुरू होते असं धरू. पहिली नोंद १ जूनला, ७ ते ३. पुनरावृत्तीच्या जागी `Does not repeat` असं दिसतं, तिथे दाबून `Custom` निवडा, दर ३ आठवड्यांनी असं करा आणि सोमवार ते शनिवार हे सहा वार उजळा. दुसरी नोंद ८ जूनला, ३ ते ११, पुनरावृत्ती तशीच. तिसरी नोंद १५ जूनला, रात्री ११ ला सुरू आणि १६ जूनला सकाळी ७ ला संपणारी. शेवटची तारीख एका दिवसाने पुढची घ्यायची हे विसरू नका. ती तशीच राहिली तर संपण्याची वेळ सुरू होण्याच्या आधीची ठरते. मग फोन नोंद घेत नाही, किंवा घाईत भलतीच वेळ पडते.

ज्याला फाइलने भरायचं आहे, म्हणजे अख्ख्या खात्याला एकच चक्र द्यायचं आहे, त्याच्यासाठी रात्रपाळीच्या नोंदीचा गाभा असा :

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260615T230000
DTEND;TZID=Asia/Kolkata:20260616T070000
RRULE:FREQ=WEEKLY;INTERVAL=3;WKST=MO;BYDAY=MO,TU,WE,TH,FR,SA
```

भरून झालं की लगेच पडताळा घ्या. २२ जूनच्या सोमवारी पुन्हा पहिली पाळी दिसली पाहिजे, आणि त्यानंतर १३ जुलैला. १ ते २१ जून या एकवीस दिवसांत अठरा पाळ्या मोजून घ्या. सतरा किंवा एकोणीस निघाल्या तर वार उजळताना चूक झाली आहे.

## माझी सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. रविवारची पाळी भलत्याच आठवड्यात दिसते. का?

कारण आठवडा कुठल्या वारी सुरू होतो यावर "दर ३ आठवड्यांनी" चं गणित चालतं. कॅलेंडरने आठवडा रविवारपासून धरला असेल तर तुमच्या सोमवार-शनिवारनंतर येणारा रविवार त्याच्या लेखी पुढच्या आठवड्यातला असतो, म्हणून तो गाळला जातो आणि चक्राच्या अलीकडचा रविवार धरला जातो. वरच्या फाइलमध्ये `WKST=MO` लिहिलंय ते याचसाठी. फोनवर भरताना आधी सेटिंग्जमध्ये आठवड्याची सुरुवात सोमवार करून घ्या, मगच नोंद करा. तरीही रविवार चुकीचा दिसला तर डोकं लावत बसू नका. रविवारची वेगळी नोंद करा आणि तिलाही दर ३ आठवड्यांनी लावा. नोंदी तीनऐवजी सहा होतील, पण कायमचं निभावेल.

## पाळीला आठवणी कुठल्या आणि किती आधीच्या लावाव्यात?

गुगल कॅलेंडर एका नोंदीला पाच सूचना लावू देतं. पाच लावू नका. दोन पुष्कळ झाल्या, तीनच्या वर गेलं की माणूस न वाचता बोटाने उडवून देतो.

मेहुणा विडी घरकुलात राहतो, गाडीवरून गिरणीत पोचायला अर्ध्या तासाच्या आत होतं. त्याच्या पहिल्या पाळीला दोन सूचना आहेत, एक दहा तास आधी आणि एक अर्धा तास आधी. दहा तास आधी म्हणजे आदल्या रात्री ९ वाजता. दुसऱ्या पाळीला सव्वा तास आधी, म्हणजे पावणेदोनला, जेवायला बसायची, आणि अर्धा तास आधी निघायची. रात्रपाळीला साडेतीन तास आधी, म्हणजे संध्याकाळी साडेसातला, आडवं व्हायची, आणि अर्धा तास आधी निघायची. त्या साडेसातच्या सूचनेनंतर दीड तास डोळा लागला तर पहाटे तीन-चारची पेंग बरीच हलकी होते.

एक युक्ती इथे फार कामाला येते. सूचनेत नोंदीचं शीर्षकच दिसतं. म्हणून शीर्षक नुसतं "पहिली पाळी" ठेवू नका, त्यातच काम लिहा. त्याच्या नोंदीचं शीर्षक आहे "पहिली पाळी – गजर ५:३० लावला का?" ही सूचना त्या आठवड्यात रोज रात्री ९ ला येते. पाळी बदलण्याच्या आदल्या रविवारी रात्रीही येते, कारण ती सोमवारच्या पाळीच्या दहा तास आधीची आहे. म्हणजे ज्या रविवारी विसरण्याची भीती जास्त, त्याच रविवारी फोन स्वतःहून विचारतो.

## गजर आणि सूचना हे दोन्ही कशाला? सूचनेनेच उठता येणार नाही का?

नाही. कॅलेंडरची सूचना एकदा टुण् करते आणि गप्प होते. जागा माणूस तिने सावध होतो, झोपलेला उठत नाही. उठण्यासाठी घड्याळाचा गजरच हवा, तो बंद करेपर्यंत वाजतो.

म्हणून घड्याळात पाळीचे गजर एकदाच कायमचे बनवून ठेवा आणि प्रत्येकाला नाव द्या. "पहिली – ५:३०" सोमवार ते शनिवार. "रात्र – उठ २:३०" मंगळवार ते शनिवार. "रात्र रविवार – १२:००" फक्त रविवार. दुसऱ्या पाळीला मेहुण्याला गजर लागत नाही, घरात पोरांच्या शाळेचा गलबला सुरू झाला की तो उठतो. दर रविवारी नवे गजर लावायचे नाहीत, फक्त एक बंद आणि दुसरा चालू करायचा. कॅलेंडरची सूचना तेवढीच आठवण करून देते. पाळी वाचून स्वतः गजर लावणारी काही अॅप मिळतात. ती वापरायची असतील तर एक पूर्ण चक्र, म्हणजे तीन आठवडे, जुन्या गजराबरोबर चालवून बघा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी अशी अॅप मागच्या मागे बंद करतात, आणि ते कळतं तेव्हा पाळी सुरू झालेली असते.

विसरायचंच झालं तर कमी नुकसानीच्या बाजूला विसरावं अशी सोय ठेवा. साडेपाचचा गजर दुसऱ्या पाळीच्या सोमवारी चुकून वाजला तर झोपमोड होईल. पहिल्या पाळीच्या सोमवारी वाजला नाही तर खाडा पडेल. म्हणून शंका असेल तर साडेपाचचा चालू ठेवा.

## रात्रपाळीच्या आठवड्यात सगळ्या आठवणी एक दिवस चुकतात. काय करायचं?

रात्रपाळी दोन तारखांवर पसरलेली असते. सोमवारची रात्रपाळी संपते मंगळवारी सकाळी. म्हणून पाळी सोमवार ते शनिवार असली तरी तिच्या नंतरची झोप मंगळवार ते रविवार असते. पाळीचे वार तसेच उचलून झोपेला लावले की सोमवारी सकाळी साडेआठला फोन "झोप" म्हणतो, जेव्हा तुम्ही रात्रभर झोपून नुकतेच उठलेले असता. आणि रविवारी सकाळी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा काहीच म्हणत नाही.

कॅलेंडरची सूचना नोंद सुरू होण्याच्या आधीचीच लावता येते, पाळी संपल्यानंतरची लावता येत नाही. त्यामुळे झोपेची वेगळी नोंद करावी लागते. मेहुण्याची नोंद आहे १६ जूनपासून, सकाळी ८:३० ते दुपारी २:३०, मंगळवार ते शनिवार, दर ३ आठवड्यांनी. रविवारची वेगळी, आणि ती का वेगळी ते पुढे सांगतो.

तारखेचा हा गुंता कायद्यानेही मान्य केलेला आहे. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ प्रमाणे मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे बारा वाजल्यानंतरचे तास आदल्या दिवसात मोजले जात, आणि साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास असत. २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही मांडणी हीच आहे. तुमच्या हजेरीच्या हिशोबात रविवारी पहाटेचे तास शनिवारच्या खात्यात दिसले तर ते चूक नाहीत.

## रात्रपाळीनंतरचा सोमवार सगळ्यात जड का जातो?

कारण मधली सुट्टी सगळ्यात लहान असते. मोजून बघा. पहिली पाळी शनिवारी दुपारी ३ ला सुटते आणि दुसरी सोमवारी ३ ला लागते, म्हणजे ४८ तास. दुसरी शनिवारी रात्री ११ ला सुटते आणि रात्रपाळी सोमवारी ११ ला लागते, पुन्हा ४८ तास. पण रात्रपाळी सुटते रविवारी सकाळी ७ ला आणि पहिली लागते सोमवारी ७ ला. फक्त २४ तास. कागदावर सुट्टी पूर्ण भरते, पण त्यात रात्रभराची झोप काढायची आणि पुन्हा पहाटे उठण्यासाठी लवकर झोपायचं, दोन्ही बसवावं लागतं.

पुष्कळ जण रविवारी सकाळी येऊन दुपारी तीन-चारपर्यंत झोपतात. मग रात्री दहाला झोप येत नाही, एकला डोळा लागतो आणि साडेपाचला उठावं लागतं. ती पाळी मग तुटलेले धागे जोडण्यात नव्हे, डोळे उघडे ठेवण्यात जाते.

मेहुण्याचा २१ जूनचा रविवार आम्ही असा बसवला. सकाळी पावणेआठला घरी. साडेआठला झोप. बाराला गजर, साडेतीन तासच झोप. उठायला जिवावर येतं, पण मुद्दामच तेवढी ठेवली आहे, म्हणजे रात्रीसाठी झोप शिल्लक राहते. दुपारी चारनंतर चहा नाही, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही अंगात असतो. आठला जेवण, नऊला "गजर ५:३० लावला का?" ही सूचना, आणि त्याबरोबरच अंथरूण. या रविवारसाठी त्याच्या कॅलेंडरमध्ये दोन जादा नोंदी आहेत, "झोप फक्त १२ पर्यंत" आणि "शेवटचा चहा", दोन्ही दर ३ आठवड्यांनी. पहिल्या खेपेला त्याला हे जाच वाटलं. तिसऱ्या खेपेला सोमवारी दुपारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आज झाडाखाली बसून डुलकी घ्यावी लागली नाही." मला तेवढं पुरे होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सूचनेवर सोडू नका. रविवारी सकाळी गिरणी सुटल्यावर डोळे जड असतील तर गाडीला किक मारायच्या आधी वीस मिनिटं डोळे मिटा. झोपेत गाडी चालवून अक्कलकोट रोडवर पडलेली माणसं मी बघितली आहेत.

## आमच्याकडे पाळी उलटी फिरते. रात्र, मग दुसरी, मग पहिली. याने काही फरक पडतो का?

पडतो. माणसाच्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं अवघड. पहिली-दुसरी-रात्र हा क्रम झोप पुढे ढकलतो, म्हणून साधारण तो बरा मानतात. उलट्या क्रमात दर आठवड्याला झोप मागे ओढावी लागते.

पण सुट्टीचा हिशोब उलट्या क्रमाच्या बाजूने आहे, हे क्वचितच कोणी बघतं. रविवारची सुट्टी धरली तर रात्रीनंतर दुसरीला ३२ तास मिळतात, दुसरीनंतर पहिलीला ३२, आणि पहिलीनंतर रात्रीला ५६. चोवीस तासांचा चिमटा कुठेच बसत नाही. बेरीज दोन्हीकडे १२०च. युनियनमध्ये किंवा व्यवस्थापनापुढे पाळीचा क्रम बदलण्याची चर्चा निघाली तर दोन्ही गोष्टी एकत्र मांडा. माझ्या मते क्रम सरळच ठेवावा आणि रात्रपाळीच्या गटाला शनिवारची रात्र मोकळी मिळेल अशी बदलीची सोय मागावी. गिरणीला हे सोपं नाही हे मला माहीत आहे, पण मागणी मोजून-मापून केलेली असली की ती निदान ऐकून घेतली जाते.

उलट्या क्रमात आठवणींची रीत तीच. धोक्याचा रविवार तेवढा बदलतो. शनिवारी रात्री ११ ला दुसरी पाळी सोडून सोमवारी सातला पहिली गाठायची असते. रविवारी सकाळी उशिरापर्यंत लोळलात तर सोमवार गेला. तिथे रविवारी सकाळी सातचा गजर लावा.

## गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या?

दिवसातून एकदाची गोळी असेल तर एक साधं गणित करून डॉक्टरांकडे जा. तिन्ही पाळ्यांत तुम्ही जागे असता असे तास कोणते? मेहुणा पहिल्या पाळीत रात्री साडेनऊ-दहाला झोपतो, दुसरीत रात्री साडेबारा ते सकाळी आठ, रात्रपाळीत सकाळी साडेआठ ते अडीच. संध्याकाळी रात्रपाळीआधी जी डुलकी काढतो ती सोडली तर दुपारी तीन ते रात्री साडेनऊ तो तिन्ही आठवड्यांत जागा असतो. त्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी या पट्ट्यात संध्याकाळी सातला बसवून दिली. ती आठवण घड्याळाला बांधलेली आहे, पाळीशी तिचा संबंध नाही. दुसऱ्या पाळीत त्या वेळी तो खात्यात असतो, म्हणून एक पाकीट डब्याच्या पिशवीत कायम ठेवलेलं.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची गोष्ट वेगळी. त्यांची जेवणाशी सांगड असते आणि रात्रपाळीत जेवणच उलटंपालटं होतं. गोळी घेतली आणि जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तीही मशीनजवळ उभं असताना. ही वेळ स्वतःच्या मनाने सरकवू नका. डॉक्टरांना तिन्ही पाळ्यांच्या जेवणाच्या वेळा कागदावर लिहून द्या आणि प्रत्येक पाळीचा वेगळा तक्ता मागून घ्या. तो मिळाला की त्या आठवणी पाळीच्या जातीत टाका.

## दिवसा झोपल्यावर फोन बंद ठेवला तर घरच्यांचा फोन येत नाही, चालू ठेवला तर झोप होत नाही.

फोन बंद करू नका, `Do Not Disturb` लावा. त्यात गजर वाजू देण्याची सोय सहसा आधीच चालू असते, तरी एकदा पाच मिनिटांनंतरचा गजर लावून खात्री करून घ्या. घरच्या दोघा-तिघांना संपर्कांत तारा द्या आणि तारा दिलेल्यांचे फोन चालू ठेवा. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजावा अशीही सोय असते, ती चालू ठेवली की शेजाऱ्यांची निकडही पोचते. कॅलेंडरच्या सूचना या काळात गप्प राहतील, म्हणून झोपेच्या वेळेत येणारी कुठलीही महत्त्वाची आठवण सूचना म्हणून ठेवू नका.

सोलापूरचा मे महिना आणि दिवसाची झोप यांचं जमत नाही, पत्र्याच्या घरात तर नाहीच. त्या दिवसांत आम्ही झोपेचे दोन तुकडे करतो. सकाळी आठ ते बारा पहिला आणि संध्याकाळी सात ते नऊ दुसरा. भर दुपारी तळमळत पडण्यापेक्षा हे बरं. उन्हाळ्यापुरती झोपेची वेगळी नोंद करा आणि तिला ३० जूनची अखेरची तारीख द्या.

## पाण्याची आठवण कशी लावता?

पाणी आलं त्याच दिवशी पुढची आठवण लावायची, आधी नाही. टुडूइस्टसारख्या कामाच्या यादीच्या अॅपमध्ये `every! 5 days` असं लिहिलं की काम झाल्याची खूण केल्यापासून पाच दिवस मोजले जातात. उद्गारचिन्ह विसरलं तर मूळ तारखेपासून मोजतं आणि पाणी एक दिवस उशिरा आलं की पुढचं सगळं चुकत जातं. मेहुण्याच्या घरी ही आठवण त्याच्या फोनवर नाही, माझ्या बहिणीच्या फोनवर आहे. ती घरी विड्या वळते, पाणी आल्याचं तिलाच आधी कळतं. तिला "पाळी" कॅलेंडरही दिसतं. पाणी रात्री यायचं असेल आणि हा रात्रपाळीला असेल तर मोटार लावायला पोराला सांगून ठेवायचं, हे तिला दोन दिवस आधीच उमगतं.

## बदली केली, किंवा ओव्हरटाइम लागला तर?

त्या एका दिवसाची नोंद उघडून वेळ बदला आणि जतन करताना `This event` निवडा. चुकून सगळ्या नोंदी बदलण्याचा पर्याय दाबला तर मागच्या पाळ्यांच्या वेळाही बदलतात, आणि मागच्या नोंदी जपण्यासारख्या असतात. जादा तासांचा हिशोब जुळेना झाला तेव्हा आमच्या एका सोबत्याने टाइम ऑफिससमोर फोनमधल्या नोंदी उघडल्या होत्या, आणि पगारपत्रक दुरुस्त झालं. दुसऱ्याच्या बदलीत गेलात तर शीर्षकात "बदली" एवढं लिहून ठेवा.

दिवाळीला गिरणी चार दिवस बंद राहिली आणि पाळी पुढे सरकली नाही, असं झालं तर `This and following events` ने त्या तारखेपासूनची चक्रं काढून टाका आणि नवीन तीन नोंदी करा. जुन्यांना ओढूनताणून बसवू नका. दहा मिनिटांचं काम आहे. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत बदल्या इतक्या होतात की त्या आठवड्यात मी रोज रात्री फक्त उद्याची पाळी तपासतो.

## खात्यात फोन नेऊ देत नाहीत. मधल्या आठवणींचं काय?

साधं मनगटी घड्याळ घ्या, ज्यात दोन गजर लागतात. रात्रपाळीत एक लावा पहाटे तीनचा, शेवटच्या चहासाठी. साडेआठला झोपायचं असेल तर तीननंतरचा चहा झोपेत आडवा येतो. बाकीच्या आठवणी फाटकातून आत जायच्या आधी वाजतील अशाच ठेवा.

## माझी पाळी ठरलेल्या चक्राने येत नाही. दर शनिवारी व्हॉट्सअॅपवर यादी येते.

दवाखान्यातल्या सिस्टर आणि सुरक्षा रक्षक हे नेहमी विचारतात. अशा वेळी पुनरावृत्ती लावूच नका, ती खोटी ठरेल. प्रत्येक पाळीची एक नमुना नोंद सूचनांसकट तयार ठेवा आणि यादी आली की संगणकावर `Duplicate` करून तारीख बदला. शनिवारी रात्री ९ ला एकच कायमची आठवण लावा, "यादी आली का? भरली का?" यादी आली नसेल तर ती आठवण झाली म्हणून काढू नका, रविवारी सकाळवर ढकला. ताई, तुमच्या यादीत रात्रीनंतर लगेच सकाळची पाळी दिसली तर भरायच्या आधी मेट्रनशी बोलून घ्या. तेवढ्यासाठी तरी यादी शनिवारीच वाचायला हवी.